आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आज सहावा दिवस: गोळ्या, व्यायाम, आराम आणि तपासणी यांचं वेळापत्रक कसं बसवावं?

वर्धाकाठी · धागाकर्ता

आईचा (वय ६६) उजवा गुडघा नागपूरला बदलला. काल सुट्टी झाली, आज ऑपरेशनचा सहावा दिवस. गाव आर्वी तालुक्यात. फिजिओ तालुक्याला आठवड्यातून एकदाच येतात, बाकी सगळं घरीच करायचं आहे. वेचणी सुरू असल्याने सकाळी नऊ ते पाच घरी फक्त आई अन् माझी नववीतली पुतणी. लाईनचा भरवसा नाही.

चिठ्ठीवर असं आहे: पॅन्टोप्राझोल ४० सकाळी उपाशीपोटी. ऍसिक्लोफेनॅक १०० अधिक पॅरासिटामॉल ३२५ अशी मिश्र गोळी १-०-१, पाच दिवस. पॅरासिटामॉल ६५० १-१-१. ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉल "दुखल्यास". रक्त पातळ ठेवणारी रिव्हारोक्साबान १० रोज एक, एकूण १२ दिवस. लोह आणि कॅल्शियम. तिच्या नेहमीच्या म्हणजे शुगरची मेटफॉर्मिन ५०० दोनदा, आणि बीपीची टेल्मिसार्टन-हायड्रोक्लोरोथायझाइड सकाळी एक.

व्यायामाच्या कागदावर "दिवसातून तीनदा" एवढंच लिहिलं आहे. आम्ही गोळ्या नाश्ता, जेवण, जेवण अशा देतो. आई दिवसा बरी राहते. पण पहाटे तीनच्या सुमारास कण्हत उठते, अन् सकाळचा व्यायाम करायला तयारच होत नाही. म्हणते, "आधी दुखणं थांबू दे, मग पाय हालवतो." काय चुकून राहिलं?

---

मेडिकलवाला_पुलगाव

पहाटे तीनचं उत्तर तुमच्या चिठ्ठीतच आहे. १-१-१ म्हणजे तीन जेवणं असं आपण सगळेच वाचतो. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी साडेसात. मग साडेसातपासून दुसऱ्या दिवशी आठपर्यंत साडेबारा तास मोकळे. पॅरासिटामॉलचा असर सहा तासांच्या आसपास राहतो, म्हणजे रात्री दीडनंतर आईच्या अंगात वेदनेचं औषध नसल्यासारखंच. तिनाला उठणारच.

त्याच तीन गोळ्या सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा अशा द्या. गोळी वाढली नाही, फक्त अंतर आठ-आठ तासांचं झालं. निव्वळ पॅरासिटामॉल पोट रिकामं असलं तरी चालते, त्यामुळे सहाला चहासोबत दिली तरी हरकत नाही.

दुसरी गोष्ट, पॅरासिटामॉल किती ठिकाणी लपलं आहे ते मोजा. मिश्र गोळी दोन, म्हणजे ६५०. साधी ६५० ची तीन, म्हणजे १९५०. "दुखल्यास"वाली दोनदा दिली तर तिच्यातही ३२५ असतं, आणखी ६५०. बेरीज ३२५०. या वयाच्या आणि बारीक चणीच्या माणसाला दिवसाला ३००० च्या वर नेऊ नये असं आम्ही धरतो. चिठ्ठी चुकलेली नाही, "दुखल्यास"चं "रोज दोनदा" झालं की हिशोब चुकतो.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ऍसिक्लोफेनॅक, टेल्मिसार्टन आणि त्याच गोळीतलं लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड हे त्रिकूट किडनीवर ताण आणते, त्यात आई पाणी कमी पीत असेल तर जास्तच. शिवाय रक्त पातळ करणारी गोळी सुरू असताना ऍसिक्लोफेनॅकने पोटातून रक्त जाण्याचा धोका वाढतो. बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. ऑपरेशनवाल्या डॉक्टरांना फोन करा आणि नेमकं हे विचारा: "बीपीची ही गोळी आहे, रक्त पातळची ही आहे, ऍसिक्लोफेनॅक पुढे द्यायची का?" किडनी कशी चालते ते सांगणारा क्रिएटिनिनचा शेवटचा आकडा सुट्टीच्या कागदावर असतो, तो हाताशी ठेवा.

---

बापूराव_दर्यापूर

बाप्पा, उपाशीपोटी दुखण्याची गोळी कधीच द्यायची नसते. जठर जळून जाते. आणि गुडघ्याखाली मऊ उशी ठेवा, लगेच आराम पडते. मिठाच्या पाण्याचा गरम शेक सकाळ-संध्याकाळ, वरून तिळाचं तेल हलक्या हाताने. इकडे सगळे असंच करतात.

---

पायवाट (फिजिओ, अमरावती)

बापूरावजी, पोटाचं तुमचं म्हणणं ऍसिक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांना लागू आहे, त्या जेवणानंतरच द्यायच्या. पॅरासिटामॉलला ते लागू नाही. पण उशी आणि शेक या दोन गोष्टींवर मला थांबवावंच लागेल.

गुडघ्याखाली उशी ठेवली की पाय थोडा वाकलेला राहतो आणि बरं वाटतं, हे खरं. पहिल्या दोन आठवड्यांत गुडघा तसाच वाकलेला आखडू लागतो. मग पाय पूर्ण सरळ होत नाही, चालताना माणूस लंगडतो, मांडीचा पुढचा स्नायू सतत ताणलेला राहून लवकर थकतो. वाकवणं मागाहूनही बरंच मिळवता येतं, सरळ होणं गेलं की परत आणायला फार झगडावं लागतं. म्हणून उशी टाचेखाली ठेवायची, गुडघा मोकळा. चादरीची गुंडाळी चालते. पायाच्या वजनाने गुडघा आपोआप खाली बसतो. सुरुवातीला पाच मिनिटं, चार-पाच दिवसांत दहा.

गरम शेक आत्ता नको. जखम ताजी आहे, आत रक्त साचलेलं आहे, उष्णतेने सूज वाढते. आणखी एक कारण लोक विसरतात. चिऱ्याच्या बाहेरच्या बाजूची कातडी कित्येक महिने बधिर राहते. गरम किती ते आईला कळणारच नाही, फोड आल्यावर दिसेल. हेच बर्फालाही लागू आहे, म्हणून बर्फ कधी उघडा लावायचा नाही. तेल तर टाके निघून जखम कोरडी ठणठणीत होईपर्यंत अजिबात नाही.

वर्धाकाठी, आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. आईचं म्हणणं "आधी दुखणं थांबू दे" हे उलटं धरायचं. गोळी दुखणं घालवायला नाही, व्यायाम करता यावा म्हणून द्यायची. गोळीनंतर चाळीस-पन्नास मिनिटांनी व्यायाम, व्यायामानंतर लगेच बर्फ आणि पाय वर. हे तिघं एकत्र चालतात. दिवसाची रचना मी अशी सांगेन:

सहाला गोळी आणि चहा. अंथरुणातच, उठण्याआधी, दोन्ही पावलं वर-खाली ३० वेळा. मग पावणेसातला व्यायामाची पहिली पाळी. आठला नाश्ता, शुगर-बीपीच्या गोळ्या. दिवसभरात दर दीड तासाने वॉकर धरून अंगणात पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. दोनला गोळी, पावणेतीनला दुसरी पाळी, मग तासभर झोप. तिसरी पाळी संध्याकाळी सहाच्या आसपास, तेव्हा दोनच्या गोळीचा थोडा असर बाकी असतो, म्हणून ही पाळी अर्धीच आणि वाकवणं हलकं. दहाला गोळी आणि झोप.

एका पाळीत काय: मांडी घट्ट करून गुडघा गादीत दाबणं, पाच आकडे धरून ठेवत, दहा वेळा. टाचेखाली गुंडाळी ठेवून पाच मिनिटं. झोपून टाच नितंबाकडे सरकवत नेणं, दहा वेळा. पायाखाली प्लास्टिकची पिशवी टाकली की टाच घसरते, गादीवर घासत नाही. पाय सरळ उचलणं दहा वेळा, पण गुडघा सरळ ठेवून उचलता येत असेल तरच. उचलताना गुडघा लोंबत असेल तर मांडी अजून कमजोर आहे. तेव्हा फक्त दाबण्याचाच व्यायाम करायचा. शेवटी खुर्चीवर बसून गुडघा वाकवणं, चांगल्या पायाने पुढून हळू मागे ढकलत, दहा वेळा.

बसण्याची एक मर्यादा सांगते, हीच जास्त मोडली जाते. पाय लोंबकळत ठेवून सलग ४५ मिनिटांच्या वर बसायचं नाही. आराम म्हणजे बसणं नाही, आराम म्हणजे आडवं होऊन टाच छातीपेक्षा वर. बाज असेल तर तीही सध्या नको. दोरी सैल पडली की कंबर खाली जाते, गुडघा वाकतो आणि उठता येत नाही. लाकडी पलंग किंवा तक्तपोसावर पातळ गादी बरी.

---

कान्होली

माझ्या काकांचं यवतमाळला ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ९० अंशांच्या वर वाकवायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, झोपताना दोन पायांत उशी. आणि रक्त पातळची गोळी ३५ दिवस घेतली. इथे वाकवायला का सांगून राहिले? १२ दिवसांत गोळी बंद केली तर रक्ताची गाठ नाही होणार?

---

पायवाट

काकांचा खुबा बदलला असणार, गुडघा नाही. खुब्याच्या सांध्यात गोळा वाटीतून निसटू शकतो म्हणून ती बंधनं. गुडघ्यात त्याच्या अगदी उलट, न वाकवल्याने बिघडते. खुब्याच्या सूचना ऐकून गुडघा सरळच ठेवलेले लोक आमच्याकडे दीड-दोन महिन्यांनी येतात, तेव्हा तो ७० अंशांवर अडकलेला असतो.

---

मेडिकलवाला_पुलगाव

गोळीचंही तसंच. रिव्हारोक्साबान १० गुडघ्याला सुमारे १२ दिवस, खुब्याला सुमारे ३५ दिवस असा प्रघात आहे. काही सर्जन थोडे दिवस ती देऊन नंतर ऍस्पिरिनवर नेतात, काही सुरुवातीपासून ऍस्पिरिनच देतात. कोणतं बरं यावर डॉक्टरांतच दोन पक्ष आहेत, रुग्णाचा धोका बघून ठरवतात. तुमच्या चिठ्ठीवर जे आहे तेच पाळायचं, शेजाऱ्याच्या चिठ्ठीचं नाही.

दोन बारीक गोष्टी. १२ दिवस सुट्टीपासून मोजायचे नाहीत, पहिली गोळी ज्या दिवशी दवाखान्यात दिली तेव्हापासून. दवाखान्यात किती दिल्या ते विचारून गोळ्यांच्या पट्टीवर पेनाने तारखा लिहा. एखादा दिवस विसरला तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा द्या, दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका. मांडीवर, पोटरीवर निळे डाग उतरतात ते बघून घरचे गोळी बंद करतात. डाग तर ऑपरेशनच्या रक्ताचे खाली उतरलेले असतात.

---

सिस्टर_चंद्रपूर

जखमेबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

पट्टी कोरडी असेल तर रोज उघडू नका. प्रत्येक वेळी उघडणं म्हणजे जंतूंना दार उघडणं. टाके किंवा पिना साधारण १२ ते १४ दिवसांनी निघतात, तोवर ओल्या फडक्याने अंग पुसणं, जखमेवर पाणी नाही. हळद, राख, कुठला मलम, काही नाही.

पट्टीवर पहिल्या दोन-तीन दिवसांत लालसर डाग येणं वेगळं. पाचव्या-सहाव्या दिवसानंतरही पट्टी ओली होत असेल, किंवा कोरडी झालेली जखम पुन्हा पाझरू लागली, तर सर्जनलाच कळवायचं. इथे गावात एक चूक हमखास होते. जवळच्या डॉक्टरकडे नेतात, ते प्रेमाने प्रतिजैविकाच्या गोळ्या सुरू करतात, पाझरणं थोडं थांबते, सगळे निश्चिंत होतात. आतल्या धातूवर जंतू बसले असतील तर या गोळ्यांनी ते मरत नाहीत, फक्त लपतात. नंतर सर्जनने सांध्यातलं पाणी तपासायला काढलं तर त्यात जंतू सापडत नाहीत आणि नेमकं कोणतं औषध द्यावं तेच कळत नाही. म्हणून सर्जनने बघितल्याशिवाय प्रतिजैविक नाही. फोटो काढून पाठवा, रोज त्याच वेळी, खिडकीच्या उजेडात.

पायाची सूज दोन प्रकारची असते, फरक ओळखा. संध्याकाळी घोटा सुजतो आणि रात्री पाय वर ठेवल्यावर सकाळी उतरतो, ती चालण्याची सूज. पोटरी टणक, दाबली की दुखते, एक पोटरी दुसरीपेक्षा ठळक जाड, आणि रात्रभर पाय वर ठेवूनही सकाळी तशीच, तर शिरेतल्या गाठीचा संशय. त्याच दिवशी पायाच्या शिरांची डॉपलर सोनोग्राफी. श्वास अचानक लागला किंवा छातीत दुखलं तर वाट न बघता १०८.

शौच काळी झाली तर रक्त पातळच्या गोळीमुळे घाबरतात, पण लोहाच्या गोळीनेही ती काळी होते. डांबरासारखी चिकट, वास येणारी आणि सोबत गरगरणं असेल तर ते रक्त समजायचं.

---

वर्धाकाठी

सगळ्यांचे आभार. डॉक्टरांना फोन केला. बीपीची गोळी सांगितल्यावर त्यांनी ऍसिक्लोफेनॅक बंद केली. पॅरासिटामॉल ६५० तीनदा, ट्रॅमाडॉलवाली फक्त रात्री दहाला आणि तीही गरज असेल तरच. क्रिएटिनिन तालुक्यातच करून पाठवायला सांगितलं.

दोन अडचणी. बर्फ: फ्रीज आहे पण दुपारी लाईन जाते, दोनच्या पाळीला बर्फ विरघळलेला असतो. आणि किती वाकते हे मोजायचं कसं? फिजिओकडे कोन मोजायची पट्टी असते, आमच्याकडे नाही.

---

सातबारा

थंडाव्यासाठी एक सोपं. दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत तीन वाट्या पाणी आणि दोन मुठी मीठ टाकून रात्री फ्रीझरमध्ये ठेवा. मिठामुळे ते दगडासारखं गोठत नाही, लापशीसारखं होते आणि गुडघ्याभोवती बसते. थर्माकोलच्या डब्यात, ज्यात लस किंवा मासे येतात, ठेवलं की लाईन गेली तरी दुपारपर्यंत टिकते. दोन पिशव्या करा, एक सकाळची, एक दुपारची.

---

पायवाट

छान. पण मिठाचा बर्फ साध्या बर्फापेक्षा जास्त थंड असतो, म्हणून दुपट्टा दोन पदरी करून ओला करायचा, त्यावर पिशवी. पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. पिशवी काढल्यावर कातडी गुलाबी असावी, पांढरी पडली तर जास्त झालं.

मोजण्यासाठी: आईला खुर्चीवर बसवा, पाठ टेकलेली, पाय कोब्यावर सपाट. चांगल्या पायाची नडगी बरोबर उभी आली की ९० अंश. त्या जागी अंगठ्यासमोर खडूने रेघ मारा. मग ऑपरेशनचं पाऊल मागे सरकवत जिथवर जाते तिथे दुसरी रेघ. नितंब पुढे सरकू द्यायचा नाही, नाहीतर आकडा खोटा येतो. दर दोन दिवसांनी रेघ. दोन आठवड्यांत पाऊल ९० च्या रेघेवर यावं, सहा आठवड्यांत त्याच्या बरंच मागे, साधारण ११० च्या आसपास. सरळ होण्याचं मोजमाप: तक्तपोसावर पाय पसरून गुडघ्यामागे तळहात घाला. किती बोटं जातात ते लिहा. मांडी दाबल्यावर बोट घट्ट अडकलं पाहिजे.

आणि शिंप्याच्या फितीने रोज सकाळी, उठण्याआधी, गुडघ्याच्या वाटीच्या मधोमध घेर घ्या. पट्टी असेल तर पट्टीवरूनच, पण रोज त्याच जागी. हाच आकडा तुम्हाला सांगेल की काल जास्त झालं की कमी. माझा नियम: घेर आदल्या दिवसापेक्षा एक सेंटीमीटरहून वाढला, किंवा व्यायामानंतरचं ठणकणं दोन तासांत शमलं नाही, तर त्या दिवशी वाकवण्याची संख्या निम्मी करायची. बंद करायचं नाही. पावलं वर-खाली आणि मांडी दाबणं तर चालूच.

---

वर्धाकाठी · नववा दिवस

आकडे देतो. चांगल्या पायाचा घेर ३८. ऑपरेशनचा: सातवा दिवस ४२, आठवा ४२, आज सकाळी ४३.५. रात्री नीट झोपली, तीनला उठली नाही. पण आज गुडघा फुग्यासारखा दिसून राहिला. ताप ९८.८, पट्टी कोरडी, पोटरी मऊ. व्यायाम काल तितकाच केला जितका परवा. काल जास्त चाललीही नाही. मग दीड सेंटीमीटर कुठून आलं?

---

पायवाट

व्यायाम तोच, पण काल दिवसभर बाकी काय झालं?

---

वर्धाकाठी

पुतणीला विचारलं. चार वाजता बायका भेटायला आल्या, आई ओसरीत खुर्चीवर बसून सहापर्यंत बोलत होती. मग सहाची पाळी तशीच केली. लाईन नव्हती, बर्फ संपलेला होता, म्हणून "आज राहू दे" म्हणाली.

---

पायवाट

झालं मग. दोन तास पाय लोंबकळत राहिला म्हणजे पाणी खाली उतरून गुडघ्यात आलं, आणि त्या भरलेल्या गुडघ्यालाच वाकवलं, वर थंडावाही नाही. व्यायाम जास्त झाला नव्हता. आज वाकवणं पाच-पाच, टाचेखालची गुंडाळी आणि मांडी दाबणं पूर्ण, दर पाळीनंतर वीस मिनिटं टाच वर. पाहुण्यांसाठी आईला आडवंच ठेवा, खुर्च्या त्यांना द्या. बर्फ नसेल तर पिशवीशिवाय माठाच्या पाण्यात पिळलेला दुपट्टा, दर पाच मिनिटांनी बदलत. बर्फाइतकं नाही, पण काहीच नाही त्यापेक्षा बरं. आणि ताप रोज संध्याकाळी एकदा मोजा. १०१ च्या वर गेला किंवा घेर दोन दिवस तसाच चढत राहिला तर फोन.

---

बापूराव_दर्यापूर

पाहुण्यांचं मात्र खरं आहे. इकडे माणूस आजारी पडला की सगळं गाव भेटायला येते, त्याला उठून बसावंच लागते.

---

मेडिकलवाला_पुलगाव

ट्रॅमाडॉलवाली देत असाल तर दोन गोष्टी बघा. बद्धकोष्ठ होते, त्यात लोहाची गोळी भर घालते. रात्री इसबगोल दोन चमचे भरपूर पाण्यासोबत. पाणी कमी घेतलं तर इसबगोल स्वतःच अडकते. आणि गरगरते, म्हणून रात्री लघवीला उठताना आधी पलंगाच्या काठावर दोन मिनिटं बसून मगच वॉकर धरायचा, वाटेवर चार्जिंगचा दिवा. बीपीची गोळी लघवी वाढवते म्हणून ती सकाळीच असावी, रात्री नको. लोह आणि कॅल्शियम एकत्र देऊ नका, एक दुसऱ्याला शोषू देत नाही. लोह सकाळी अकराला लिंबूपाण्यासोबत, कॅल्शियम दुपारी जेवणानंतर. लोह आणि चहाही सोबत नको.

---

वर्धाकाठी · अकरावा दिवस

आज घेर ४२. क्रिएटिनिन ०.९ आलं, डॉक्टर बरं म्हणाले. पाऊल ९० च्या रेघेपासून चार बोटं पुढे आहे. गुडघ्यामागे दोन बोटं जातात.

चौदाव्या दिवशी टाके काढायला नागपूर. येष्टीने न्यावं की गाडी करावी? अडीच-तीन तासांचा रस्ता.

---

सिस्टर_चंद्रपूर

टाके तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातही काढता येतात, पण पहिली तपासणी सर्जनकडेच व्हावी. जखम तर बघतातच, वाकवणं कुठवर आलं तेही बघतात, आणि मग पुढची तारीख सहा आठवड्यांची, तेव्हा एक्स-रे. मधे काही झालं नाही तर चौदा दिवस ते सहा आठवडे या काळात नागपूरची चक्कर लागत नाही, तालुक्याच्या फिजिओकडे आठवड्यातून एकदा पुरते.

न्यायचं असेल तर गाडी बरी, मागच्या सीटवर पाय लांब करता येतो. येष्टीच असेल तर ती जिथून सुटते त्या स्टँडवरून चढून अशी जागा धरा जिथे पाय पुढे पसरता येईल, उंच पायऱ्यांवर चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा पाय. दर पाऊण तासाला पावलं वर-खाली, गाडी थांबली की दोन मिनिटं उभं राहणं. दहाच्या भेटीसाठी निघायचं असेल तर सहाची गोळी घेऊन निघा, आणि दोनची गोळी पिशवीत घ्या. परतीच्या वाटेवरच ती वेळ येते, आणि नेमकी तेव्हाच राहते.

सोबत: सुट्टीचा कागद, सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या रिकाम्यांसकट, आणि तुमची घेराची व रेघांची वही. डॉक्टरांना "बरं आहे" पेक्षा ती वही जास्त सांगते.

---

कान्होली

दीड महिन्यानंतर जमिनीवर बसता येईल का? आमच्याकडे काका खाली बसून जेवतातच, कितीही सांगितलं तरी.

---

पायवाट

काकांचा खुबा आहे, त्यांनी तर खाली बसूच नये, आपल्या सर्जनला विचारा. गुडघ्यात मतं वेगळी आहेत. काही सर्जन नव्या सांध्याने मांडी घालायला सरळ नाही म्हणतात, काही अधूनमधून चालेल म्हणतात, सांधा कोणत्या बनावटीचा आहे त्यावरही ते अवलंबून आहे. उकिडवं बसणं मात्र बहुतेक सगळेच टाळायला सांगतात. संडासात कमोडची खुर्ची लागणार, ती सुट्टीआधीच घ्यायला हवी होती. देशी संडासावर ठेवायची लोखंडी खुर्ची मिळते, पायांना रबर असलेली घ्या, फरशी ओली झाली की सरकते.

---

वर्धाकाठी

खुर्ची आहे, रबर नाही. सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधून बघतो. चौदाव्या दिवसाची रेघ आणि घेर घेऊन येतो.

आणखी एक राहिलं. आई म्हणते, फाल्गुनात शेतात जायचंच. मी काही उत्तर दिलं नाही.

---

पायवाट

उत्तर सहा आठवड्यांच्या एक्स-रेनंतर, सर्जन देतील. तोवर रोज सकाळी फीत.